डिलीट दाबतोय, पण ऐकतंय कोण? वाचनालयाच्या संगणकांच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, 3 नोव्हेंबर 2025

सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते, म्हणून कामाला आजचा मुहूर्त धरला. एका कार्यालयाने वापरून बाजूला काढलेले डेस्कटॉप वाचनालयाला दिलेत. सगळे एकाच साच्याचे, इंटेलच्या सहाव्या पिढीचे. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत थोडे अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी आणि पुढचेच प्रोसेसर बसतात, आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबरला संपला. त्यामुळे मॅडमशी बोलून लिनक्स मिंट टाकायचं ठरलं. पेनड्राइव्ह तयार आहे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जायचं, बूटचा क्रम बदलायचा, इन्स्टॉल करायचं, पुढच्या मशीनकडे वळायचं, असा सरळ हिशोब होता.

पहिल्याच मशीनवर अडलं. पॉवर बटण दाबलं, बायोसचा सेटअप उघडायला डिलीट दाबत राहिलो, समोर कंपनीचा लोगो आला आणि मग थेट विंडोजचं लॉगिन. एफ-2 ने तेच, एफ-12 ने तेच. दुसऱ्या मशीनवर तेच, तिसऱ्यावर तेच. विंडोज सुरू झाल्यावर कीबोर्ड मात्र ठणठणीत, त्यामुळे कीबोर्ड खराब असण्याचा प्रश्नच नाही.

मदतीला आलेल्या डिप्लोमाच्या पोराने दोन्ही हातांनी सगळ्या फंक्शन बटणांवर पेटी वाजवल्यासारखी बोटं फिरवून पाहिली. "काका, आपण उशिरा दाबतोय," हे त्याचं मत. असेलही. पण हे अंदाजाने ठरवायचं नाही.

दोन शक्यता आहेत, आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत. एक, फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरचा तो सुरुवातीचा प्रोग्राम, कीबोर्ड ओळखतं, पण बटणाची वाट पाहण्याची वेळ फार थोडी आहे आणि ती आपल्या हातून निसटते. दोन, फर्मवेअर सुरुवातीला यूएसबीकडे बघतच नाही, म्हणजे तिथे हात कितीही चपळ असला तरी उपयोग शून्य. आधी यातलं कुठलं ते ठरवायचं, मग औषध.

मंगळवार, 4 नोव्हेंबर

परीक्षेचं साधन कीबोर्डवरच असतं: नम लॉक आणि कॅप्स लॉकचे दिवे. यूएसबी कीबोर्ड हे दिवे आपल्या मनाने लावत नाही. कॅप्स लॉक दाबलं की कीबोर्ड फक्त "हे बटण दाबलं" एवढं संगणकाला कळवतो. दिवा लावण्याचा हुकूम पलीकडून, म्हणजे फर्मवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमकडून परत येतो, तेव्हा तो पेटतो. म्हणून कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा बदलला तर त्या क्षणी पलीकडे कोणीतरी ऐकतंय. नाही बदलला तर कोणी नाही. वीज लागल्याबरोबर सगळे दिवे एकदा चमकून विझतात तो भाग मोजायचा नाही. ती कीबोर्डची स्वतःची चाचणी असते.

डोळ्यांनी हे पकडणं अवघड, म्हणून मोबाइलच्या स्लो मोशनचा आधार घेतला. सेकंदाला 240 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण 4 मिलिसेकंदांची. कीबोर्डचे दिवे आणि मॉनिटर दोन्ही एका चौकटीत येतील असा मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवला, आणि पोराला सुरुवातीपासून कॅप्स लॉक थांबून थांबून दाबायला सांगितलं.

रेकॉर्डिंग सावकाश बघितल्यावर चित्र स्वच्छ दिसलं. सुरुवातीची चमक, मग अंधार. लोगो आला, दिवे बंदच. लोगोखाली ठिपके फिरू लागले, तरी बंदच. ठिपके बराच वेळ फिरल्यावर नम लॉक पेटला, आणि त्यानंतरच कॅप्स लॉक बोटाला प्रतिसाद द्यायला लागला.

यातली एक गोष्ट पोराला मुद्दाम दाखवली, कारण बरेच जण इथेच फसतात. लोगो पडद्यावर आहे तोवर बायोसची वेळ चालू आहे असं वाटतं. पण यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर, असलेल्या मशीनवर विंडोज 8 पासून हा लोगो विंडोज स्वतःही पडद्यावर ठेवतं. फर्मवेअर ते चित्र मेमरीत ठेवून एका तक्त्यातून पुढे सोपवतं, आणि विंडोज त्याखाली आपले ठिपके फिरवतं. म्हणजे ठिपके दिसले की ताबा विंडोजकडे गेलेला असतो. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ठिपक्यांविना नुसता लोगो एका सेकंदापेक्षा कमी वेळ होता. त्यात हा मॉनिटर जुना, सिग्नल मिळाल्यावर चित्र दाखवायलाच दोन-तीन सेकंद घेणारा. काही मशीनवर तर पहिलं चित्र दिसलं तेच ठिपक्यांसकट.

निकाल: दुसरी शक्यता. फर्मवेअरच्या पूर्ण काळात दिवा एकदाही हलला नाही. उशीर आमचा नव्हता, तिथे ऐकणारंच कोणी नव्हतं.

हे मुद्दाम केलेलं असतं. मायक्रोसॉफ्टने मे 2012 मध्ये, विंडोज 8 च्या तयारीत, स्वतःच लिहिलं होतं की नव्या मशीनवर एफ-2 किंवा एफ-8 पकडायला 200 मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ उरतो. सुरुवात झटपट व्हावी म्हणून फर्मवेअर फक्त ठरलेली डिस्क आणि डिस्प्ले जागे करतं. यूएसबी जागं करण्यात वेळ जातो, म्हणून ते विंडोजवर सोडून देतं. याचं नाव फास्ट बूट.

उद्या गुरुनानक जयंतीची सुट्टी. गुरुवारी पुढे.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

खालून दार बंद असेल तर वरून शिरायचं. विंडोज चालू आहे तोवर हा सर्वात सोपा मार्ग. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि:

```
shutdown /r /fw /t 0
```

मशीन रीस्टार्ट होऊन थेट सेटअपच्या निळ्या पडद्यावर आलं. एकही बटण दाबावं लागलं नाही, आणि आत आल्यावर कीबोर्ड-माउस दोन्ही चालू.

हे कसं जमतं? यूईएफआयमध्ये `OsIndications` नावाचं एक व्हेरिएबल असतं, बोर्डावरच्या फ्लॅश चिपमध्ये साठवलेलं. ऑपरेटिंग सिस्टिम त्यातला सर्वात खालचा बिट 1 करते. त्याचा अर्थ, "पुढच्या वेळी मला सुरू करू नकोस, तुझा सेटअप दाखव." फर्मवेअर सुरू होताना तो वाचतं, पुसतं आणि मग यूएसबीसकट सगळं जागं करून सेटअप उघडतं. निरोप कीबोर्डवरून जातच नाही, म्हणून फास्ट बूट त्याला आडवं येत नाही.

कमांड नको असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करायचं. निळा मेनू येतो, त्यात `Troubleshoot`, मग `Advanced options`, मग `UEFI Firmware Settings`. लिनक्स टाकून झाल्यावर याच कामाला ही कमांड:

```
systemctl reboot --firmware-setup
```

आत गेल्यावर बूटच्या पानावर कारण सापडलं. `Fast Boot` चालू, आणि त्याच्या पोटात `USB Support` समोर `Disabled`. मदतीच्या चौकटीत सरळ लिहिलंय की असं केलं तर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंत एकही यूएसबी उपकरण मिळणार नाही. कार्यालयातल्या कोणीतरी सेकंद वाचवायला किंवा पेनड्राइव्हवरून कोणी बूट करू नये म्हणून हे केलं असणार. दुसरं कारण असेल तर ते समजण्यासारखं आहे. पण त्या कामाला पासवर्ड हा उपाय आहे. पेनड्राइव्हबरोबर कीबोर्डही बंद करून टाकला तर मशीन दुरुस्त करायला येणाऱ्याचेच हात बांधले जातात.

या जागी तीन पर्याय असतात. `Disabled` चं वर आलंच. `Partial Initial` मध्ये कीबोर्ड साधारणपणे मिळतो, पण यूएसबी डिस्क आणि काही पोर्ट मिळत नाहीत. म्हणून सेटअपमध्ये जाता येतं, पण बूटच्या यादीत पेनड्राइव्ह दिसत नाही, आणि माणूस पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बनवत बसतो. `Full Initial` मध्ये सगळं मिळतं. मी `Fast Boot` च बंद केलं. या मशीनवर त्याने सुरुवात तीनएक सेकंदांनी लांबली. वाचनालयात ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

त्याच पानावर `Setup Prompt Timeout` आहे. सेटअपच्या बटणाची फर्मवेअरने किती सेकंद वाट पाहायची, तो आकडा. तिथे 0 होतं. 5 केलं. यात 65535 टाकलं तर ते कायमचं वाट बघत बसतं, तेव्हा शेवटी जास्तीचा आकडा पडू द्यायचा नाही.

बदल साठवले, मशीन बंद-चालू केलं, मोबाइल पुन्हा लावला. आता लोगो येतानाच नम लॉक पेटतो, आणि डिलीटच्या पहिल्या टिचकीला सेटअप उघडतो. टिचकीच मारायची, बटण दाबून धरायचं नाही. यूएसबी कीबोर्ड साधारणपणे बदल झाला तरच बातमी पाठवतो, त्यामुळे ओळख होण्याआधीपासून दाबून धरलेलं बटण फर्मवेअरला कधी कळतं, कधी नाही. सेकंदाला दोन-तीन टिचक्या पुरतात.

शुक्रवार, 7 नोव्हेंबर

कमांडच्या वाटेने बाकीची मशीनं भराभर झाली. दोन सोडून.

पहिल्यावर कमांड चालेना. 203 क्रमांकाची चूक दाखवून परत येते. कधी पहिल्या वेळी ही चूक येते आणि लगेच दुसऱ्यांदा दिली की कमांड चालते, म्हणून एकदा पुन्हा दिली. तेच. मग `msinfo32` उघडून बघितलं, तर `BIOS Mode` समोर `Legacy`. म्हणजे या एका मशीनवर विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं. जुन्या पद्धतीने सुरू झालेल्या विंडोजला फर्मवेअरच्या व्हेरिएबलपर्यंत पोचताच येत नाही, त्यामुळे वरची वाट इथे बंद. निळ्या मेनूतही `UEFI Firmware Settings` ची चौकट दिसत नाही.

पण यातच सोय लपलेली आहे. `Fast Boot` च्या मदतीच्या चौकटीत लिहिलेलं असतं की जुन्या पद्धतीच्या बूटवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणजे इथे यूएसबी जागं होत असणार. कॅप्स लॉकची परीक्षा घेतली, दिवा हलला. मग अडतंय कुठे? `Setup Prompt Timeout` इथेही 0 असणार. मागच्या बाजूच्या पोर्टला कीबोर्ड लावून नम लॉक पेटायच्या आधीपासून डिलीटच्या टिचक्या सुरू ठेवल्या, तर आत गेलो. ही पोराने सुरुवातीला म्हटलेली पहिली शक्यता. सगळ्या ढिगात एकाच मशीनला लागू पडली.

दुसऱ्या मशीनची डिस्कच कुरकुरतेय. विंडोज ठिपक्यांवर फिरत राहतं, पुढे सरकत नाही. वरची वाट नाही, खालची फास्ट बूटने बंद. ते सोमवारसाठी ठेवलं.

सोमवार, 10 नोव्हेंबर

आज निवांतपणा होता, म्हणून कुरकुरणाऱ्या मशीनवर सगळे आडमार्ग क्रमाने तपासले. हलक्यापासून सुरुवात करायची, जड शेवटी.

आधी वीज काढणं. फास्ट बूटच्या पोटात अनेक बोर्डांवर `Next Boot after AC Power Loss` अशी ओळ असते आणि तिथे `Normal Boot` निवडलेलं असतं. वीज पूर्ण गेली होती याची खूण चिपसेटमधल्या एका बिटमध्ये राहते, तो बिट बॅटरीवर जगतो. फर्मवेअर तो बघून ठरवतं की या वेळी घाई नको, सगळं नीट जागं करू. इथे "वीज पूर्ण गेली" याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. नुसतं बंद केलेल्या मशीनच्या बोर्डावर 5 व्होल्टची स्टँडबाय वीज चालूच असते. आणि आमच्या इथे भिंतीवरचं बटण बंद करून काही होत नाही, कारण मध्ये यूपीएस आहे. लोडशेडिंगच्या धास्तीने बसवलेला यूपीएस नेमका या कामात आडवा येतो. म्हणून केबल मशीनच्या मागूनच उपटली, पॉवर बटण पंधराएक सेकंद दाबून धरलं आणि बोर्डावरचा हिरवा दिवा विझेपर्यंत थांबलो. तो हळूहळू मंद होत जातो, दाबल्याबरोबर विझत नाही. पूर्ण विझल्यावर केबल परत लावली आणि चालू केलं.

दिवे हलले नाहीत. बाकीच्या मशीनवर ही ओळ `Fast Boot` वर लावलेली बघितली होती, तेव्हा इथेही तसंच असणार. पण हा उपाय पहिला करून बघायचा, कारण त्यात काहीच पुसलं जात नाही.

मग डिस्कची सॅटा केबल. वीज काढलेली असतानाच केबल काढली आणि चालू केलं. फास्ट बूटमध्ये फर्मवेअर ठरलेल्या एकाच वाटेने निघतं. त्या वाटेच्या टोकाला डिस्कच नाही म्हटल्यावर त्याला मागे फिरून सगळी उपकरणं शोधावी लागतात. इथे तसंच झालं. थोडा वेळ काळा पडदा, मग नम लॉकचा दिवा, आणि सेटअप आपोआप उघडला. काही बोर्ड सेटअप उघडत नाहीत, बूटची डिस्क टाका म्हणून मजकूर दाखवून थांबतात. पण तोवर कीबोर्ड जागा झालेला असतो, त्यामुळे कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने पुन्हा सुरू करून डिलीट दाबता येतं. `Fast Boot` बंद केलं, बदल साठवले, मशीन बंद केलं, मग केबल परत. चालू मशीनमध्ये केबल घालायची नाही.

यानेही झालं नसतं तर सीमॉस, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगची साठवण, पुसणं. बोर्डावर `CLR_CMOS` किंवा `CLRTC` लिहिलेल्या दोन पिना असतात. वीज काढून त्या दहाएक सेकंद स्क्रू-ड्रायव्हरने जोडायच्या, की सगळी सेटिंग कारखान्यातल्यासारखी होतात. हा उपाय हमखास वाटतो म्हणून लोक आधी हाच करतात. मी शेवटी ठेवतो, कारण यात फास्ट बूटबरोबर बाकीचंही सगळं पुसलं जातं. डिस्कचा मोड बदलला तर जुनं विंडोज `INACCESSIBLE_BOOT_DEVICE` दाखवून पडतं. या पिढीच्या अनेक बोर्डांवर प्रोसेसरमधलं टीपीएम, म्हणजे किल्ल्या जपणारा भाग, मुळात बंद असतं. कोणी ते चालू करून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, लावलेलं असेल, तर सेटिंग पुसल्यावर विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागतं. ती कोणाकडे नसेल तर डेटा गेला. ज्या मशीनमधलं काही ठेवायचं नाही तिथेच डोळे झाकून हे करावं.

बुधवार, 12 नोव्हेंबर

मॅडमच्या काउंटरचं मशीन. यात पुस्तकांची नोंदवही आहे, तेव्हा सावकाश. आधी `manage-bde -status`. बिटलॉकर चालू निघालं. रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली आणि आज सेटअपमध्ये बदल करायचे म्हणून संरक्षण तात्पुरतं थांबवलं:

```
manage-bde -protectors -disable C:
```

नोंदवहीची प्रत विंडोजमध्येच बाहेरच्या डिस्कवर घेतली. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून घ्यायची असती तर बिटलॉकरच्या जोडीला आणखी एक अडचण होती: विंडोजचं फास्ट स्टार्टअप. नाव फास्ट बूटसारखं असलं तरी हा प्रकार पूर्ण वेगळा. विंडोज बंद करताना स्वतःचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवतं, आणि तशा अर्धवट झोपलेल्या डिस्कवर लिनक्स लिहू देत नाही. त्याचा डिलीटच्या बटणाशी संबंध नाही. ते `powercfg /h off` ने बंद होतं.

या मशीनवर `Fast Boot` आधीपासूनच बंद होतं, तरी डिलीट चालत नव्हतं. दिवा पेटत होता, पण उशिरा. कारण टेबलाखाली वाकून बघितल्यावर कळलं. कीबोर्ड मॉनिटरच्या मागच्या यूएसबी हबला लावलेला, आणि मॉनिटरची एक केबल मशीनला. दिसायला छान, तारा दिसत नाहीत.

यात वेळ कसा जातो ते पोराला कागदावर मांडून दाखवलं. यूएसबी उपकरण थेट मशीनला असेल तर जोडणी स्थिर होईपर्यंत 100 मिलिसेकंद थांबायचं, 50 मिलिसेकंद रीसेट द्यायचा, 10 सावरायला, आणि मग ओळखपाळख. म्हणजे 160 आणि वर थोडे. मध्ये हब आला की हे सगळं आधी हबसाठी होतं. मग हब आपल्या पोर्टांना वीज देतो, ती स्थिर व्हायला साधारण 100. त्यानंतर कीबोर्डसाठी पुन्हा 100, रीसेटचे 10 ते 20 आणि सावरायचे 10. बेरीज 380 च्या पुढे. वर मॉनिटरचा हब झोपेतून कधी उठेल तो त्याच्या मनाचा राजा. वाट बघायचा आकडा 0 असेल तर डिलीटची बातमी पोचेपर्यंत फर्मवेअर पुढे निघून गेलेलं असतं.

कीबोर्ड थेट मागच्या पोर्टला लावला, आकडा 5 केला, झालं. मॅडमना टेबलावर एक तार जास्त दिसते म्हणून थोडी नाराजी आहे. ती टेबलाच्या कडेने चिकटपट्टी लावून फिरवली.

गुरुवार, 13 नोव्हेंबर

वाचनालयाचं स्वतःचं एक जुनं मशीन कपाटामागे होतं, जी-31 चिपसेटचं. हा चिपसेट 2007 मधला, यूईएफआय रुळायच्या आधीच्या काळातला. नुसती पुस्तकं शोधायला ते चालेल, असं मॅडमचं म्हणणं. यूएसबी कीबोर्ड लावला. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर डिलीट दाबायची सूचना ठळक दिसते, भरपूर वेळ दिसते, आणि काही होत नाही. दिवा मेलेला.

इथे फास्ट बूटचा संबंध नाही. जुन्या बायोसला मुळात पीएस-2 कीबोर्डच कळतो, तो गोल सहा पिनांचा. यूएसबी कीबोर्ड त्याला कळावा म्हणून एक सोंग रचावं लागतं. कोणी जुन्या कीबोर्डच्या 60 किंवा 64 क्रमांकाच्या पोर्टवर काही वाचायला गेलं की प्रोसेसर क्षणभर थांबून फर्मवेअरच्या खास कोडमध्ये शिरतो. तो कोड यूएसबी कीबोर्डवरून बटण आणतो आणि जणू पीएस-2 वरून आलंय असं पुढे करतो. या सोंगाचा स्विच म्हणजे लेगसी यूएसबी सपोर्ट. या बायोसमध्ये त्याचं नाव `USB Keyboard Support`, पान `Integrated Peripherals`. तो बंद असेल तर तो चालू करायला आत जायला यूएसबी कीबोर्ड कामाचा नाही. कुलूप आत आणि किल्लीही आत.

यूईएफआयच्या मशीनवर हा स्विच एवढा निर्णायक नसतो. तिथे `Legacy USB Support` बंद केलं तरी यूएसबी यूईएफआयच्या प्रोग्रामांना मिळत राहतं, आणि सेटअप हा तसाच एक प्रोग्राम. म्हणून तिथे सेटअपमध्ये कीबोर्ड चालतो, पण जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या बूट मेनूत किंवा डॉसमध्ये चालत नाही. हा फरक दिसला की या स्विचवर संशय घ्यायचा. दोन्हीकडे मेलेला असेल तर कारण दुसरं.

भंगाराच्या खोक्यात एक खरा पीएस-2 कीबोर्ड सापडला, जांभळ्या पिनेचा. मशीन बंद असतानाच लावायचा. चालू मशीनला लावला तर ओळखला जात नाही, आणि जुन्या बोर्डांवर पोर्टचा फ्यूजही जाऊ शकतो. यूएसबी कीबोर्डला लावायचं जांभळं कन्व्हर्टर पोराने खिशातून काढलं, पण त्यात नुसत्या तारा असतात. कीबोर्डच्या आतल्या चिपला दोन्ही भाषा येत असतील तरच ते चालतं. आत्ताच्या बहुतेक स्वस्त कीबोर्डांना येत नाहीत. यालाही नाही.

खऱ्या कीबोर्डने पहिल्या टिचकीत आत गेलो. `USB Keyboard Support` ला `Enabled`. तिथेच `Halt On` समोर `All, But Keyboard` निवडलेलं दिसलं, म्हणूनच कीबोर्ड न सापडूनही मशीन इतकी वर्षं तक्रार न करता सुरू होत होतं. ते तसंच राहू दिलं. बोर्डावरची सीआर-2032 बॅटरी मीटरवर 2.4 व्होल्ट दाखवतेय, नवी 3 च्या वर असते. ती न बदलता सोडलं तर वीज गेली की हा स्विच परत बंद होईल. नाक्यावरून नवी आणून घातली, तारीख-वेळ लावली, स्विच पुन्हा तपासला.

शनिवार, 15 नोव्हेंबर

सगळ्यांवर लिनक्स मिंट झालं. प्रत्येक मशीनवर शेवटची तपासणी एकच: वीज पूर्ण काढून पुन्हा चालू, लोगोवर कॅप्स लॉकचा दिवा हलतो का, डिलीटने सेटअप येतो का, आणि जी-31 सोडून बाकीच्यांवर लिनक्समधून वरची कमांड सेटअपपर्यंत नेते का. या बाकीच्यांवर दोन्ही वाटा उघड्या असल्याशिवाय मशीन पूर्ण झालं म्हणायचं नाही.

वायरलेस कीबोर्डबद्दल मॅडमनी विचारलं. यूएसबी डोंगलवाला चालेल, कारण डोंगल मशीनला साध्या कीबोर्डसारखाच दिसतो. ब्लूटूथवाला नको, बहुतेक फर्मवेअरला ब्लूटूथ कळत नाही. लहान आकाराचे कीबोर्डही तपासून घ्यावेत. काहींवर एफ-2 दाबलं की आवाज कमी होतो, आणि आवाजाची बातमी फर्मवेअर वाचत असलेल्या साध्या संदेशात येतच नाही. तिथे एफएन धरून दाबावं लागतं.

प्रत्येक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: `Fast Boot` बंद, वाट 5 सेकंद, कीबोर्ड मागच्या पोर्टला, सेटअपला पासवर्ड आहे. पासवर्ड मॅडमच्या कपाटातल्या वहीत. पेनड्राइव्हवरून बूट पासवर्डशिवाय होत नाही हेही बघून घेतलं.

राहिलेलं: कुरकुरणाऱ्या डिस्कच्या जागी नवी एसएसडी, मॅडमच्या मंजुरीनंतर. आणि त्या जुन्या पद्धतीने बसवलेल्या मशीनवर लिनक्स यूईएफआय पद्धतीने पुन्हा टाकायचं, म्हणजे तिथेही कमांडची वाट उघडेल. दोन्ही पुढच्या सोमवारी.